दिगंबर-श्वेतांबर संघ नक्की का फुटला? दोन घरांत ऐकलेल्या दोन गोष्टी

प्रश्न: माहेर सांगलीकडचं, दिगंबर. तिथे लहानपणापासून ऐकलंय की बारा वर्षांचा दुष्काळ पडला, भद्रबाहू मुनी दक्षिणेत गेले, मागे राहिलेल्यांनी कपडे घातले आणि श्वेतांबर झाले. सासर श्वेतांबर. सासरे म्हणतात, शिवभूती नावाच्या एका साधूच्या हट्टामुळे दिगंबर वेगळे निघाले. खरं कुणाचं? आणि भांडण नुसतं कपड्यांचंच होतं का?

ताई, मी तीसेक वर्षं प्राकृत शिकवलं, आणि जवळजवळ दर वर्षी वर्गात दोन्ही बाकांवरून हीच दोन उत्तरं ऐकली. तुमच्या दोन्ही घरांत जे सांगितलं जातं ते कुणी मनाचं रचलेलं नाही, दोन्ही गोष्टी जुन्या ग्रंथांत आहेत. अडचण अशी की दोन्ही गोष्टींत ‘मूळ आम्ही, फुटले ते’ हे आधीच ठरलेलं आहे. म्हणून ‘कोण कुणापासून फुटलं’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘वेगळेपण केव्हा दिसायला लागतं’ असं विचारलं की काहीतरी हाती लागतं. उत्तर अर्थात कुठला पुरावा आधी धरता यावरही अवलंबून आहे. परंपरेचा शब्द अंतिम मानणाऱ्याशी माझा वाद नाही. मी शिलालेख, मूर्ती आणि पोथ्या यांच्या बाजूने सांगतो.

आधी सासऱ्यांची गोष्ट, कारण ती माहेरच्यांनी सहसा पूर्ण ऐकलेली नसते. ती आवश्यकसूत्रावरच्या भाष्यांत येते. रथवीरपूर गावी शिवभूती नावाचा राजाचा एक शूर सेवक होता. रोज रात्री उशिरा घरी यायचा. बायकोने सासूकडे गाऱ्हाणं केलं. त्या रात्री आईने दार उघडलं नाही, ‘जिथे दार उघडं असेल तिथे जा’ म्हणाली. उघडं दार सापडलं ते साधूंच्या उपाश्रयाचं. आर्य कृष्ण नावाच्या आचार्यांजवळ तो साधू झाला. पुढे राजाने त्याला एक मौल्यवान कांबळं दिलं, आणि त्याचा जीव त्यात अडकलेला पाहून गुरूंनी तो नसताना ते फाडून बसायची आसनं केली. शिवभूती दुखावला. नंतर एकदा गुरू ‘जिनकल्प’ म्हणजे पूर्ण निर्वस्त्र, एकाकी साधूचा आचार समजावून सांगत होते. शिवभूतीने विचारलं, हा आता का पाळत नाहीत? गुरू म्हणाले, शेवटचे केवलज्ञानी जंबूस्वामी यांच्यानंतर तो बंद झाला. हा म्हणाला, मी पाळून दाखवतो, आणि वस्त्र टाकून निघाला. हे घडलं महावीरनिर्वाणानंतर ६०९ वर्षांनी, म्हणजे साधारण इ.स. ८२-८३ मध्ये, असं भाष्य सांगतं.

आता माहेरची. तुम्ही ऐकलीत ती थोडी गाळीव आहे. दहाव्या शतकातल्या हरिषेणाच्या बृहत्कथाकोशात ती विस्ताराने येते, आणि तिथे वस्त्र एका दमात येत नाही. दुष्काळात मागे राहिलेल्या मुनींपैकी एक जण रात्री भिक्षेला गेला असता अंधारात त्याला पाहून एक गर्भवती घाबरली आणि तिचा गर्भपात झाला. श्रावकांनी विनवलं की निदान डाव्या हातावर कापडाचा एक तुकडा धरून पुढे झाकत चला. हे झाले ‘अर्धफालक’, अर्ध्या कापडाचे. दुष्काळ सरल्यावर काहींनी तो तुकडा टाकला, काहींनी नाही. पुढे वलभीच्या राजाला हा अर्धामुर्धा वेष रुचला नाही. एक तर निर्वस्त्र राहा, नाही तर नीट वस्त्र घ्या, असं त्याने सांगितलं आणि त्यांनी पूर्ण वस्त्र घेतलं. त्याच शतकातला देवसेनाचा दर्शनसार श्वेतपट म्हणजे श्वेतांबर संघाचा उगम वलभीलाच, विक्रमानंतर १३६ व्या वर्षी, म्हणजे इ.स. ७९-८० च्या सुमारास ठेवतो.

दोन विरोधी पक्ष, आणि सालात फरक तीन-चार वर्षांचा. पहिली काही वर्षं मीही वर्गात ठामपणे सांगायचो की बघा, दोघे मान्य करतात म्हणजे फूट पहिल्या शतकात पडली. एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘सर, हे दोन साक्षीदार घटनेनंतर किती वर्षांनी बोलतायत?’ दिगंबर ग्रंथ साडेआठशे वर्षांनी, श्वेतांबर भाष्यंही काही शतकांनी. इतक्या उशिराच्या दोन साक्षी जुळल्या तर एकाने दुसऱ्याची कालगणना ऐकून आपली गोष्ट तिच्यात बसवली असण्याचीही तितकीच शक्यता असते. तेव्हापासून मी ते साल सांगतो, पण पुरावा म्हणून नाही.

दुष्काळाचंही तसंच. श्वेतांबरही मगधातला मोठा दुष्काळ मानतात. फक्त त्यांचे भद्रबाहू तेव्हा नेपाळात ध्यानाला बसलेले आहेत, आणि पाटलिपुत्रला जमलेल्या साधूंनी त्यांच्याशिवाय अकरा अंगं म्हणजे मूळ शास्त्रग्रंथ जुळवले. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवरचा सर्वांत जुना लेख इ.स. ६०० च्या आसपासचा आहे. त्यात भद्रबाहुस्वामींनी उज्जयिनीत बारा वर्षांच्या संकटाचं भाकीत केलं आणि संघ उत्तरेकडून दक्षिणेत आला हे स्पष्ट आहे. पण तो लेख जी गुरुपरंपरा देतो तिच्यात जुने भद्रबाहू येऊन जातात, नंतर बरीच नावं येतात आणि मग हे भद्रबाहुस्वामी येतात. परंपरा ज्याला भद्रबाहूंचा शिष्य मानते त्या मौर्य चंद्रगुप्ताचं नाव त्यात नाही, समाधिमरण घेणाऱ्या आचार्यांचं नाव प्रभाचंद्र आहे. हरिषेणाच्या कथेत तर भद्रबाहू स्वतः दक्षिणेत जातच नाहीत, उज्जयिनीजवळच देह ठेवतात. संघ दक्षिणेत सरकला हे मला पटतं. त्या एका प्रवासाने दोन पंथ जन्मले, हे पटत नाही.

कारण मथुरा. तिथल्या कंकाली टीला या टेकाडात १८८८ ते १८९१ या काळात खोदकाम झालं आणि कुषाणकाळातला जैन स्तूप, शेकडो शिल्पं आणि लेख मिळाले. दोन्ही बाजूंनी पुस्तकं वाचून ठाम झालेल्या माणसाला मी आधी ही शिल्पं दाखवतो. तीर्थंकराच्या सगळ्या मूर्ती निर्वस्त्र. म्हणजे दिगंबर? थांबा. त्याच मूर्तींच्या पायाशी कोरलेल्या लेखांत दान करवणाऱ्या साधूंचे गण, कुल आणि शाखा दिल्या आहेत, आणि ती नावं श्वेतांबरांच्या कल्पसूत्रातल्या स्थविरावलीशी म्हणजे जुन्या आचार्यांच्या यादीशी जुळतात. मग श्वेतांबर? तेही नाही. कारण त्याच शिलापट्टांवर कोरलेले साधू स्वतः निर्वस्त्र आहेत, फक्त डाव्या हातावरून एक कापडाचा तुकडा पुढे लोंबतो आहे. एका पट्टावर ‘वर्ष ९५’ असं कुषाण साल आहे आणि त्या साधूचं नाव कण्ह कोरलेलं आहे.

म्हणजे हरिषेणाने ज्यांची ‘अर्धफालक’ म्हणून टर उडवली ते साधू खरोखर होते. आणि ते कुठल्याही ‘फुटलेल्या’ गटाचे नव्हते, श्वेतांबर ज्यांना आपले पूर्वज म्हणतात त्याच कुलशाखांचे होते. तेव्हाचा साधू आजच्या कुठल्याच खान्यात बसत नाही. म्हणून संग्रहालयात पाचव्या शतकाच्या आधीच्या एखाद्या निर्वस्त्र मूर्तीखाली ‘दिगंबर’ अशी पाटी दिसली तर ती मनातल्या मनात पुसायची. धोतर नेसलेल्या तीर्थंकराची जुन्यातली जुनी ठाऊक असलेली मूर्ती बडोद्याजवळच्या अकोट्याच्या कांस्यमूर्तींत आहे, आणि ती साधारण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानतात. त्याआधी मूर्ती पाहून पंथ सांगता येत नाही.

ग्रंथांतही हीच सरमिसळ आहे. श्वेतांबरांच्या आचारांगात तीन वस्त्रं ठेवणारा साधू आहे, दोन ठेवणारा आहे, एक ठेवणारा आहे आणि अजिबात न ठेवणाराही आहे. तिथेच महावीरांनी एक वर्ष आणि वर एक महिन्यानंतर वस्त्र सोडलं असं म्हटलं आहे. उत्तराध्ययनात पार्श्वनाथांच्या परंपरेतले केशी महावीरांच्या गौतमांना विचारतात की दोघांचं ध्येय एक, मग आमच्याकडे वस्त्र आणि तुमच्याकडे नाही, असं का? गौतमांच्या उत्तराचा मथितार्थ असा की वेष हा लोकांना साधू ओळखू यावा म्हणून, खरं साधन ज्ञान, दर्शन आणि चारित्र्य. हा संवाद जपणाऱ्या समाजाला दोन्ही प्रकारचे साधू एकाच संघात असल्याची आठवण होती, असं मी त्यावरून समजतो.

मग वेगळे संघ म्हणून ते कधी दिसतात? माझ्या दृष्टीने याचा चांगला पुरावा आपल्या शेजारच्या कर्नाटकात आहे. हावेरी जिल्ह्यातल्या देवगिरीला (आपली देवगिरी नव्हे) कदंब राजा मृगेशवर्म्याचे ताम्रपट मिळाले, पाचव्या शतकातले. त्यात कालवंग नावाचं एक गाव तीन वाट्यांत दिलं आहे: एक वाटा अर्हंताच्या मंदिराला, दुसरा ‘श्वेतपट महाश्रमणसंघाला’, तिसरा ‘निर्ग्रंथ महाश्रमणसंघाला’, म्हणजे आज आपण ज्यांना दिगंबर म्हणतो त्यांना. एक राजा, एक गाव, एक मंदिर आणि दोन संघ. त्यांच्यात वैर असल्याचा मागमूस नाही, पण उत्पन्न वेगळं, नाव वेगळं. जमिनीचा महसूल कुणाच्या नावे लावायचा हे लिहायची वेळ आली की ‘आम्ही’ आणि ‘ते’ पक्कं व्हायला लागतं.

त्याच शतकात तिकडे वलभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या पुढाकाराने श्वेतांबर आगम म्हणजे शास्त्रग्रंथ लिहून पक्के झाले, निर्वाणानंतर ९८० किंवा ९९३ वर्षांनी अशी दोन सालं परंपरेत आहेत. दक्षिणेतल्या निर्ग्रंथांनी ते आगम मानले नाहीत. मूळ अंगं लुप्त झाली, गिरनारच्या गुहेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना जे शिकवलं तेवढं षट्खंडागमात उरलं, अशी त्यांची भूमिका. एकदा शास्त्रं वेगळी झाली की आचारातला फरक मिटवायला सामाईक पान उरत नाही. म्हणून माझं उत्तर असं की फूट ही घटना नाही. पहिल्या ते पाचव्या शतकात, अंतरामुळे आणि मग पोथ्यांमुळे, ती हळूहळू पडत गेली.

आता दुसरा प्रश्न, नुसते कपडेच का? वरवर हो, पण कपड्यामागे ‘परिग्रह म्हणजे काय’ हा वाद आहे, आणि तो खरोखर चुरशीचा आहे. तत्त्वार्थसूत्र दोघेही मानतात. त्यात परिग्रहाची व्याख्या एका शब्दाची आहे: मूर्च्छा, म्हणजे आसक्ती. श्वेतांबर म्हणतात, झालं तर. आसक्ती नसेल तर वस्त्र हे धर्माचं उपकरण आहे, तुमच्या मोरपिसांच्या पिच्छीसारखं आणि कमंडलूसारखं. तुम्हीही वस्तू बाळगताच की. दिगंबर उत्तर असं की पिच्छीने जीव वाचतात, वस्त्राने लाज आणि थंडी वाचते. वस्त्र मागावं लागतं, धुवावं लागतं, शिवावं लागतं, त्यात जीव होतात, हरवलं तर शोधावं लागतं. हे सगळं करूनही मूर्च्छा नाही म्हणणं म्हणजे स्वतःला फसवणं. कुंदकुंदाचार्यांनी तर सूत्रपाहुडात सरळ म्हटलं की जिनशासनात वस्त्रधारी सिद्ध होत नाही, मग तो तीर्थंकर का असेना.

हे एकदा मान्य केलं की पुढची पायरी आपोआप येते, आणि ती तुम्हाला मला दोघांनाही टोचणारी आहे. मोक्षाला पूर्ण अपरिग्रह हवा, पूर्ण अपरिग्रहाला नग्नता हवी, स्त्रीला नग्न दीक्षा नाही, म्हणून स्त्रीला त्याच देहाने मोक्ष नाही. दिगंबर आर्यिका पांढरी साडी नेसते आणि तिची महाव्रतं उपचाराने, म्हणजे नावाने महाव्रतं मानली जातात. श्वेतांबरांनी ‘मोक्षाला नग्नता हवी’ ही पायरीच नाकारली असल्याने त्यांच्याकडे साध्वीला मोक्ष आहे, आणि एकोणिसावे तीर्थंकर मल्ली हे स्त्री आहेत. दिगंबरांचे मल्लिनाथ पुरुष. शिवभूतीच्या गोष्टीतही हे येतं. त्याची बहीण उत्तरा त्याच्यामागून निर्वस्त्र निघाली, एका गणिकेने तिच्या अंगावर वस्त्र टाकलं, आणि शिवभूतीने बहिणीला ते ठेवायला सांगितलं. सासऱ्यांकडची गोष्ट इतक्या नेमक्या जागी चिमटा काढते.

हा वाद पोथीत शिरला की काय होतं याचं एक उदाहरण देतो, कारण ते आपल्याकडचं आहे. षट्खंडागम आणि त्यावरची वीरसेनांची धवला टीका शतकानुशतकं मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंद होती. तिच्या नकला बाहेर आल्यावर हिरालाल जैन यांनी अमरावतीहून १९३९ पासून ती छापायला घेतली. पहिल्याच खंडात, सत्प्ररूपणा या भागाच्या ९३ व्या सूत्रात अडलं. ‘मनुष्यिणी’ म्हणजे मानवी स्त्री कुठल्या गुणस्थानांत, म्हणजे आत्म्याच्या प्रगतीच्या पायऱ्यांवर, नियमाने पूर्ण विकसित देहाची असते, याची तिथे यादी आहे. हातातल्या नकलेत यादी ‘संजदासंजद’ म्हणजे अंशतः संयमी इथे थांबत होती. पण मागचीपुढची सूत्रं आणि टीका पाहता पुढे ‘संजद’ म्हणजे पूर्ण संयमी हा शब्द हवा असं संपादकांना दिसलं, आणि त्यांनी तळटीपेत तसं नोंदवलं.

केवढा गहजब झाला! दिगंबरांच्या सर्वांत जुन्या ग्रंथात स्त्रीला पूर्ण संयम दिला की स्त्रीमोक्षाचं दार उघडलं, असं अनेक पंडितांना वाटलं. पुढे मूडबिद्रीची मूळ ताडपत्रं तपासली गेली तेव्हा त्यांत ‘संजद’ निघाला. नकलाकाराकडून तो गळला होता. ‘संजद’ लागोपाठ येतो तिथे नजर एका ‘संजद’वरून पुढच्यावर घसरते, प्राकृत पोथ्यांत हे नेहमीचं आहे, माझ्या स्वतःच्या नकलांतही झालं आहे. आणि मजा अशी की शब्द परत आला तरी सिद्धांत हलला नाही. वीरसेनांनी आधीच सांगून ठेवलं होतं की इथली ‘मनुष्यिणी’ म्हणजे देहाने पुरुष पण भावाने, वेदाने म्हणजे लैंगिक वृत्तीने स्त्री असलेला जीव. हा खुलासा ताणलेला आहे का? मला तसा वाटतो. दिगंबर विद्वानांना वाटत नाही, कारण कर्मसिद्धांतात द्रव्यवेद म्हणजे देहाचं लिंग आणि भाववेद म्हणजे वृत्तीचं लिंग हा भेद इतरत्रही वापरला जातो. दोन्ही बाजू ऐकून मगच ठरवा.

तिसरा मुद्दा केवलीच्या जेवणाचा, तो थोडक्यात सांगतो. केवलज्ञान झालेला अर्हंत घास घेऊन जेवतो का? श्वेतांबर: देह आहे, सुखदुःख भोगायला लावणारं वेदनीय कर्म आहे, म्हणजे भूक आहे, म्हणून जेवतो. दिगंबर: मोह संपला तिथे भूक त्रास देत नाही, जेवत नाही. दोघांना मान्य तत्त्वार्थसूत्रात ‘एकादश जिने’ असं सूत्र आहे, जिनाला अकरा परीषह म्हणजे सोसायचे त्रास, आणि त्यात भूकही येते. श्वेतांबर ते जसंच्या तसं घेतात. पूज्यपादांसारखे दिगंबर टीकाकार म्हणतात की हे उपचाराने म्हटलंय, किंवा पुढे ‘नाहीत’ हा शब्द अध्याहृत धरा. ज्यात सूत्र सरळ आणि टीका वळणाची अशी जागा सापडली की समजावं, ग्रंथ सामाईक होता आणि वाद नंतरचा.

शेवटी एक असा संघ, जो तुमच्या दोन्ही घरांनी बहुधा ऐकलेला नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली त्याच्याकडे आहे: यापनीय. बेळगाव, धारवाड, हलशी या पट्ट्यात पाचव्या शतकापासून चौदाव्याच्या अखेरपर्यंत त्यांचे लेख मिळतात. मृगेशवर्म्याने हलशीच्या दानात निर्ग्रंथांबरोबर त्यांनाही जमीन दिली आहे. त्यांचे मुनी नग्न राहत, पिच्छी घेत, हातात जेवत, दिसायला तंतोतंत दिगंबर. पण ते आगम मानत, केवली जेवतो म्हणत, आणि स्त्रीला मोक्ष आहे असं सांगत. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात त्यांच्यातल्या शाकटायन या वैयाकरणाने स्त्रीनिर्वाण आणि केवलिभुक्ती यांवर स्वतंत्र प्रकरणं लिहिली. त्यांचा युक्तिवाद साधा होता: नग्नता हा श्रेष्ठ मार्ग, पण ज्याला किंवा जिला ती शक्य नाही त्याच्यासाठी वस्त्र हा अपवाद, आणि अपवादाने मोक्ष अडत नाही. पुढे श्वेतांबर आचार्यांनी दिगंबरांशी वाद घालताना याच नग्न मुनीची हत्यारं वापरली.

यापनीय संपले, त्यांच्या वसद्या म्हणजे मंदिरं आणि मूर्ती दक्षिणेत दिगंबरांकडे गेल्या. सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या बस्तीत तुमच्या आजीने हात जोडले असतील, तर त्यातली एखादी मूर्ती मुळात अशा संघाची असू शकते, ज्याला तुमच्या नणंदेचं साध्वी होणं मोक्षापर्यंत मान्य होतं. सासऱ्यांना हलशीचा ताम्रपट सांगा आणि आईला मथुरेचा कण्ह. चहा निवेपर्यंत वाद चालेल.